बारा लाखांचा स्वल्पविराम

१२३४५६७ हा आकडा मोठ्याने वाचून पाहा. बहुतेकांचे बोट आधी उजव्या टोकाला जाते आणि एकं, दहं, शतं करत डावीकडे सरकते. टोक गाठल्यावरच तोंडून ‘बारा लाख’ निघते. आता तोच आकडा १२,३४,५६७ असा लिहा. बोटाची गरजच पडत नाही. बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट, डावीकडून उजवीकडे, एका दमात. आणि आता १,२३४,५६७ असा लिहून पाहा. अंक तेच, क्रम तोच, पण मराठीत विचार करणारा माणूस पहिल्या स्वल्पविरामापाशीच अडखळतो. ‘एक’ काय? एक दशलक्ष? मग ‘दोनशे चौतीस’ कसले? शेवटी तो स्वल्पविराम मनातल्या मनात खोडतो आणि पुन्हा एकं, दहं, शतं करू लागतो.

आकड्यातला स्वल्पविराम वाक्यातल्यासारखा विसाव्यासाठी नसतो. पुढचा शब्द कुठे बोलायचा, याची ती खूण असते. आपल्याकडे हजारानंतरचे मोठे नाव शंभर पटींनी येते: शंभर हजारांचा लाख, शंभर लाखांची कोटी. म्हणून उजवीकडचे तीन अंक सोडले की पुढचे गट दोन-दोनाचे. मराठीत याला आणखी एक गोष्ट जुळून येते. एकपासून नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येक संख्येला आपल्याकडे स्वतःचे एकेक नाव आहे. चौतीस हा एकच शब्द आहे, सदुसष्ट हाही एकच शब्द आहे. त्यामुळे दोन अंकांचा प्रत्येक गट बरोबर एका शब्दात मावतो: बारा, मग लाख, चौतीस, मग हजार. इंग्रजीत हजारानंतरचे नाव हजार पटींनी बदलते, म्हणून त्यांचे गट तीन-तीनाचे. दोन्ही पद्धती आपापल्या भाषेत सरळ वाचल्या जातात. गोंधळ होतो तो एका भाषेच्या तोंडी दुसरीचा स्वल्पविराम दिला की.

हे मला कळले ते एका तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेत. तिथे ठेवींच्या यादीचा मराठी छापा काढून देणारा छोटा प्रोग्राम मी लिहिला होता. ठेवी सांभाळणाऱ्या ताईंनी पहिलाच कागद हातात घेतला, पेन्सिलीने एका रकमेवरचे स्वल्पविराम खोडले, नवे घातले आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“दादा, आकडा बरोबर आहे तुमचा. पण मला तो वाचता येत नाहीये. समोर ठेवीदार बसलेला असतो, त्याला मी रक्कम वाचून दाखवायची की मोजून?”

माझ्या प्रोग्रामने `1,234,567` असे छापले होते. पायथन या भाषेत आकड्याला स्वल्पविराम घालायची एक सोपी सोय असते आणि मी ती विचार न करता वापरली होती. ती सोय नेहमीच तीन-तीनाचे गट पाडते, तिला दुसरे काही येत नाही. मग मी तेच केले जे या कामात जवळजवळ प्रत्येकजण पहिल्यांदा करतो. स्वतःच चार ओळी लिहिल्या: शेवटचे तीन अंक बाजूला काढायचे, उरलेल्यांचे उजवीकडून दोन-दोनाचे गट करायचे आणि सगळे स्वल्पविरामाने जोडायचे.

```python
def lakh(n):
    s = str(n)
    shevat, purva = s[-3:], s[:-3]
    gat = []
    while purva:
        gat.insert(0, purva[-2:])
        purva = purva[:-2]
    return ','.join(gat + [shevat])
```

१२३४५६७ दिले की `567` बाजूला निघतात, उरलेल्या `1234` मधून आधी `34` आणि मग `12` सुटतात आणि `12,34,567` मिळतात. ताईंना यादी पसंत पडली. दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. कॅश क्रेडिटच्या यादीत काही रकमांपुढे विचित्र खूण दिसत होती: `-,45,000`.

पंचेचाळीस हजार उचल दाखवणारे ते खाते होते. माझ्या ओळींना वजाचे चिन्ह हे चिन्ह म्हणून ठाऊकच नव्हते, त्यांच्या लेखी तोही एक अंकच. `-45000` मधून `000` निघाले, मग `45` निघाले आणि उरलेले `-` एकटेच एका गटात जाऊन बसले. त्याच्यापुढे स्वल्पविराम लागला. मला आधी वाटले, मग सगळ्याच वजा रकमा बिघडायला हव्या होत्या. तसे नव्हते. `-4,500` ठीक छापले जात होते, `-1,23,456` सुद्धा ठीक. कारण चार किंवा सहा अंकांच्या रकमेत तीन अंक काढल्यावर उरतो विषम संख्येचा गठ्ठा. त्यातला शेवटचा एकटा अंक वजाला सोबत घेतो आणि दोन जागांचा गट पूर्ण होतो. तीन, पाच किंवा सात अंकांच्या रकमेत मात्र वजाला सोबती मिळत नाही. म्हणजे चूक एक अंक सोडून एक अंक अशी दडलेली होती आणि मी तपासणीसाठी घेतलेली एकमेव वजा रक्कम नेमकी चार अंकी होती.

उपाय साधा आहे. चिन्ह आधी बाजूला ठेवायचे, गट फक्त अंकांचे पाडायचे आणि शेवटी चिन्ह पुढे लावायचे. पैशांचेही तसेच. `1234567.5` ही संख्या या ओळींना दिली तर ‘शेवटचे तीन’ म्हणून `7.5` निघतात, दशांशचिन्हासकट. म्हणून रक्कम साठवतानाच पूर्ण पैशांत साठवावी, १२३४५६७५० पैसे. छापताना शंभराने भागून रुपये आणि पैसे वेगळे करावेत आणि गट फक्त रुपयांचे पाडावेत. पैशांत साठवण्याचा दुसरा फायदा बेरजेत दिसतो. दशांश अपूर्णांक संगणकाच्या द्विमान पद्धतीत बहुधा नेमके बसत नाहीत, त्यामुळे लांब यादीच्या बेरजेत एखादा पैसा हरवतो किंवा वाढतो. पूर्णांकांच्या बाबतीत तसे होत नाही.

पण खरे सांगायचे तर ते फंक्शन मी लिहायलाच नको होते. हे ज्ञान आधीच एका ठिकाणी गोळा केलेले आहे. युनिकोड कन्सॉर्शियम सीएलडीआर नावाचे एक भांडार सांभाळते. जगातल्या शेकडो भाषा आणि प्रदेश तिथे एकेक ‘लोकेल’ म्हणून नोंदलेले आहेत. लोकेल म्हणजे भाषा आणि प्रदेश मिळून झालेली लिहिण्याची रीत. `mr-IN` म्हणजे भारतातली मराठी, `en-IN` म्हणजे भारतातली इंग्रजी, `en-US` म्हणजे अमेरिकेतली. प्रत्येकाच्या पानावर महिन्यांची नावे, वारांची नावे, तारखेचा क्रम, दशांशचिन्ह, अंकांची लिपी आणि गटांची रीत लिहिलेली असते. आपल्या फोनमधली घड्याळे, दिनदर्शिका आणि ब्राउझर याच भांडारातून उचलतात.

गटांची रीत एका छोट्या साच्यात मांडलेली असते. मराठीच्या पानावरचा साच्याचा मुख्य भाग असा: `#,##,##0`. अमेरिकी इंग्रजीचा असा: `#,##0`. यातले `#` म्हणजे ‘अंक असला तर लिहा’ आणि `0` म्हणजे ‘नसला तरी शून्य लिहा’. शेवटच्या स्वल्पविरामापासून उजव्या टोकापर्यंत किती जागा आहेत, तो पहिला गट: तीन. शेवटच्या दोन स्वल्पविरामांच्या मधे किती जागा आहेत, तो दुसरा गट: दोन. आणि हा दुसरा गट डावीकडे कितीही लांब पुन्हा पुन्हा वापरायचा. म्हणून शंभर कोटींचा आकडा १,००,००,००,००० असा उमटतो. साच्यात दोनच स्वल्पविराम दिसले तरी आकड्यात चार पडतात.

याच जागी एक जुना खड्डा आहे. दुसऱ्या गटाची ही कल्पना सगळ्याच प्रोग्रामिंग भांडारांना ठाऊक नाही. जावा भाषेच्या मूळ `java.text` मधला साचा फक्त शेवटचा गट पाहतो. त्याला `#,##,##0` दिले तरी तो निमूटपणे तीन-तीनाचे गट पाडतो आणि कसलीही तक्रार करत नाही. त्याच भाषेसाठी युनिकोडवाल्यांचे वेगळे भांडार मिळते, ते दोन्ही गट पाळते. फरक ओळखायची युक्ती एकच: तपासणीची रक्कम सात अंकी घ्या. पाच अंकांपर्यंत, म्हणजे ४५,०००पर्यंत, दोन्ही पद्धती सारख्याच दिसतात. ज्याने प्रोग्राम फक्त पगाराच्या पावतीवर तपासला, त्याला चूक कधीच दिसणार नाही. ती दिसेल घराच्या कर्जावर.

ब्राउझरमध्ये हे काम दोन ओळींत होते.

```js
new Intl.NumberFormat('mr-IN').format(1234567)
// १२,३४,५६७
new Intl.NumberFormat('en-IN').format(1234567)
// 12,34,567
```

पहिल्या ओळीत गट तर मिळालेच, अंकही देवनागरी झाले. मराठीच्या पानावर अंकांची नेहमीची लिपी देवनागरी अशी नोंद आहे. हिंदीच्या पानावर मात्र नेहमीचे अंक 1, 2, 3 असे आहेत. त्यामुळे तोच प्रोग्राम `hi-IN` वर चालवला तर गट लाखाचे राहतात, पण अंक बदलतात. ज्याला मराठी महिने हवेत पण अंक 1, 2, 3 असेच हवेत, त्याने `mr-IN-u-nu-latn` असे लिहावे; शेवटचा तुकडा फक्त अंकांची लिपी बदलतो. रुपयाच्या चिन्हासह छापायचे असेल तर चलनाचा साचा भांडारात वेगळा ठेवलेला असतो, साध्या संख्येचा साचा त्याला आपोआप लागू होत नाही. म्हणून ₹ लावलेली सात अंकी रक्कमही स्वतंत्रपणे छापून पाहावी. शिवाय ₹ हे चिन्ह २०१० सालचे आहे. पतसंस्थेतल्या जुन्या पासबुक प्रिंटरच्या अक्षरसंचात ते नव्हतेच, त्याच्या जागी रिकामी चौकट उमटायची. तिथे आम्ही ‘रु.’ ठेवले आणि ते आजही तसेच आहे.

देवनागरी अंक पडद्यावर आले की काम झाले असे वाटते, पण खरी परीक्षा परतीच्या वाटेवर असते. संगणकाच्या लेखी ‘७’ आणि ‘7’ ही दोन वेगळी अक्षरे आहेत. युनिकोडमध्ये ‘0’ चा क्रमांक ४८ आहे आणि ‘०’ चा २४०६. दोन्हींतले दहा अंक ओळीने लागलेले असल्यामुळे प्रत्येक जोडीतले अंतर सारखेच आहे, २३५८. ‘7’ पंचावन्नावर, ‘७’ दोन हजार चारशे तेरावर. एका लिपीतून दुसरीत जाणे म्हणजे २३५८ मिळवणे किंवा वजा करणे, इतकेच. पण ते कोणीतरी करायला हवे. पायथनला `int('१२३४५६७')` म्हटले तर तो समजून घेतो आणि संख्या देतो. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला `Number('१२३४५६७')` म्हटले तर उत्तर येते `NaN`, म्हणजे ‘ही संख्या नाही’.

हे उत्तर निदान ओरडून तरी सांगते. त्याहून वाईट आहे ते गप्प राहणारे उत्तर. ताईंच्या अर्जात रक्कम भरायची चौकट होती आणि त्या सवयीप्रमाणे स्वल्पविरामासह टाइप करायच्या. ते वाचायला मी `parseFloat` वापरले होते.

```js
parseFloat('12,34,567')   // 12
```

`parseFloat` डावीकडून वाचत जाते आणि न समजणारे पहिले अक्षर आले की तिथेच थांबते. स्वल्पविराम तिला कळत नाही. म्हणून बारा लाखांची ठेव बारा रुपयांची झाली, तीही कुठलीही सूचना न देता. सुदैवाने संस्थेचा नियम होता की पावतीवर अक्षरी रक्कम ताईंनी हातानेच लिहायची. अक्षरांत बारा लाख चौतीस हजार आणि अंकांत बारा, हे त्यांना लगेच दिसले. तेव्हापासून मी वाचण्याआधी स्वल्पविराम, रिकाम्या जागा आणि रुपयाचे चिन्ह काढून टाकतो, देवनागरी अंक बदलून घेतो आणि त्यानंतरही अंक व दशांशबिंदू यांखेरीज काही उरले तर रक्कम नाकारतो. ‘जमेल तेवढे वाचून घे’ ही सोय पैशाच्या चौकटीत वापरायची नाही.

शोधण्यातही हीच दोन अक्षरांची गोष्ट आडवी येते. एका लिपिकाने खातेक्रमांक २३४५ असा देवनागरीत भरला आणि दुसऱ्याने 2345 असा शोधला तर संगणक म्हणतो, खाते नाही. क्रमवारी लावली तर इंग्रजी अंकांतली सगळी खाती आधी आणि देवनागरीतली सगळी नंतर. डोळ्यांचाही घोटाळा होतो: घाईत लिहिलेला देवनागरी १ इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि ४ पुष्कळदा 8 सारखा. एकाच क्रमांकात दोन्ही लिप्यांचे अंक मिसळले असतील तर माणसाला कळणे कठीण, म्हणून ते संगणकानेच अडवावे. आम्ही अशी विभागणी केली की जे माणसाने वाचायचे ते देवनागरीत, म्हणजे रक्कम, तारीख, व्याजदर, मुदत. आणि जे जसेच्या तसे उतरवून दुसऱ्या यंत्रात भरायचे ते 0 ते 9 मध्ये, म्हणजे खातेक्रमांक, धनादेश क्रमांक, बँकेचा सांकेतिक क्रमांक. रोजकीर्दीच्या संगणकी नोंदीत मात्र सगळेच 0 ते 9 मध्ये, स्वल्पविरामाशिवाय. स्वल्पविराम आणि देवनागरी हे छापण्याच्या शेवटच्या क्षणी चढवायचे कपडे आहेत, ते तिजोरीत ठेवायचे नाहीत.

तारखेच्या बाबतीत हेच अधिक कठोरपणे लागू होते, कारण रकमेची चूक निदान विचित्र तरी दिसते. तारखेची चूक अगदी साळसूद असते.

त्या बारा लाख चौतीस हजारांच्या ठेवीची तारीख होती 03/04/2024. आपल्याकडे हा ३ एप्रिल. अमेरिकी रीतीत आधी महिना येतो, म्हणून तिथे तो ४ मार्च. पतसंस्थेतल्या एका संगणकाची प्रादेशिक मांडणी विकत घेतल्यापासून अमेरिकी इंग्रजीचीच राहिली होती. त्यावर यादी स्प्रेडशीटमध्ये उघडली आणि ही ठेव तीस दिवस मागे गेली. ७ टक्के साध्या व्याजाने या रकमेवर तीस दिवसांचे व्याज होते सुमारे ७,१०३ रुपये. आणि गोष्ट व्याजावर थांबली नाही. आपले आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. ३ एप्रिलची ठेव २०२४-२५ सालची, ४ मार्चची ठेव २०२३-२४ सालची. म्हणजे मागच्या वर्षीच्या ताळेबंदात एक अशी ठेव दिसू लागली, जी तेव्हा अस्तित्वातच नव्हती.

सगळ्याच तारखा बिघडत नाहीत, हेच यातले फसवे. २५ तारखेला यंत्र पंचविसावा महिना मानू शकत नाही, म्हणून 25/04/2024 ला ते तारीख न मानता नुसता मजकूर म्हणून ठेवते. अदलाबदल होते ती फक्त दिवसाचा आकडा १ ते १२ मध्ये असेल तेव्हा. वर्षात असे बारा महिन्यांचे बारा, म्हणजे १४४ दिवस. त्यांतले १ जानेवारी, २ फेब्रुवारी, ३ मार्च असे बारा दिवस उलटले तरी तेच राहतात. उरले १३२. वर्षातले इतके दिवस निमूटपणे दुसरा दिवस बनू शकतात.

ओळखायची खूण स्प्रेडशीट स्वतःच देते. खरी तारीख चौकटीत उजवीकडे चिकटते, नुसता मजकूर डावीकडे. तारखेच्या एकाच रकान्यात काही नोंदी डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या, आणि डावीकडच्या सगळ्या १२ तारखेनंतरच्या असल्या, तर उजवीकडच्या तारखा उलट्या वाचल्या गेल्या आहेत असे समजावे. आम्ही तो रकाना पाहिला तेव्हा तो नेमका असाच दुभंगलेला होता. मग मूळ यादीत तारीख `2024-04-03` अशी लिहू लागलो: वर्ष, महिना, दिवस, मोठ्याकडून लहानाकडे. हा आयएसओ ८६०१ या प्रमाणाचा क्रम आहे. कुठल्याच देशात तो उलटा वाचला जात नाही, आणि नुसता मजकूर म्हणून क्रमवारी लावली तरी तारखा कालक्रमाने येतात. छाप्यावर ‘३ एप्रिल, २०२४’ असेच उमटते. महिना अक्षरांत लिहिला की वाद मिटतो.

दुसरी एक चूक भारतातल्या संगणकावर या विशिष्ट वेशात दिसते आणि ती मी अजूनही इतरांच्या प्रोग्राममध्ये पाहतो.

```js
new Date(2024, 3, 1).toISOString()
// '2024-03-31T18:30:00.000Z'
```

जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात, म्हणून ३ म्हणजे एप्रिल. पहिल्या तुकड्याने १ एप्रिलची मध्यरात्र बनवली, पण भारतातली. दुसऱ्या तुकड्याने तोच क्षण जागतिक वेळेत लिहिला. भारताची वेळ साडेपाच तास पुढे आहे, म्हणून तिकडे अजून ३१ मार्चची संध्याकाळ, साडेसहा वाजलेले. पुढे कोणीतरी यातली पहिली दहा अक्षरे कापून ‘तारीख’ म्हणून साठवते आणि नव्या आर्थिक वर्षाचा पहिला दिवस जुन्या वर्षाचा शेवटचा होतो. नोंदींमध्ये कुठेही `18:30` दिसले किंवा सगळ्याच तारखा बरोबर एका दिवसाने मागे असल्या, तर हीच चूक आहे. मूळ गफलत अशी की ठेवीच्या तारखेला घड्याळ नसते. ती एक तारीख आहे, एक क्षण नाही. तिला मध्यरात्र जोडायचीच नाही. `2024-04-01` ही दहा अक्षरे आली तशी साठवायची, आली तशी परत द्यायची आणि छापताना त्यांचे वर्ष, महिना, दिवस असे तीन तुकडे करून मराठी महिन्याचे नाव लावायचे.

इतके सगळे जमल्यावर वार्षिक सभेच्या निमंत्रणाची वेळ आली आणि अध्यक्षांनी सांगितले की इंग्रजी तारखेखाली शकही हवा. मला आनंदच झाला, कारण ब्राउझरला तेही येते. `mr-IN-u-ca-indian` असे लिहिले की तारीख भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेत मिळते. नमुन्यासाठी मी तीच ठेवीची तारीख घेतली. ३ एप्रिल २०२४ म्हणजे १४ चैत्र, १९४६. ताईंनी भिंतीवरचे कालनिर्णय उलटवले आणि मान हलवली.

“दादा, त्या दिवशी चैत्र नव्हता. गुढीपाडवा नऊ एप्रिलला होता.”

दोघेही बरोबर होते. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून केंद्र सरकारने २२ मार्च १९५७ पासून जी दिनदर्शिका स्वीकारली, ती पूर्णपणे सूर्याची आहे. तिचा १ चैत्र दरवर्षी २२ मार्चला येतो, लीप वर्षी २१ मार्चला. २०२४ लीप वर्ष होते, २१ मार्चपासून मोजले तर ३ एप्रिल हा चौदावा दिवस. पंचांगाचा चैत्र मात्र चंद्राच्या तिथीने सुरू होतो. त्या हिशोबाने ३ एप्रिलला फाल्गुनाचा वद्य पक्ष चालू होता आणि शकही अजून १९४५ होता. महिन्याची नावे तीच, शक तोच, वर्षे मोजण्याची सुरुवातही तीच, तरी एकाच दिवशी एक दिनदर्शिका नव्या वर्षात पोचलेली आणि दुसरी जुन्यातच. भांडारातल्या `indian` या शब्दामागे सरकारी दिनदर्शिका आहे, घराच्या भिंतीवरची नाही. सूर्योदयाला चालू असलेली तिथी काढायची तर चंद्र-सूर्याची स्थाने आणि ठिकाणाचा सूर्योदय मोजावा लागतो, आणि ते संख्या छापण्याच्या साच्यांचे काम नव्हे.

निमंत्रणात शकाच्या ओळीसाठी मी एक रिकामी चौकट ठेवली. त्यातला मजकूर दरवर्षी ताई पंचांगात पाहून स्वतः टाइप करतात. त्या ओळीची छापण्याआधीची तपासणीही त्यांच्याकडेच आहे.